पीओ नंबर मागूनच बिल बनवा: वाळूजच्या वर्कशॉपवाल्यांसाठी पायरीपायरीने

बिल परत आलं की फोन मला येतो. "ताई, पुन्हा तेच. पीओ नंबर नाही म्हणतेत." पीओ म्हणजे काम देणाऱ्या कंपनीची पर्चेस ऑर्डर. वाळूज एमआयडीसीतल्या आठ-दहा छोट्या वर्कशॉपची बिलं आणि जीएसटीचं काम मी बघते. मोटर रिवाइंडिंग, पंप दुरुस्ती, फॅब्रिकेशन, क्रेनची देखभाल अशी ही कामं. त्यातलं निम्मं काम फोनवर येतं, रात्रीतून होतं आणि कागद मागून हिंडतो.

हा लेख दुरुस्ती आणि देखभालीच्या कामांपुरता आहे. मालाचं तसं बरं असतं. पीओ नंबर नसेल तर गेटवरचा सिक्युरिटीवालाच टेम्पो अडवतो, त्यामुळे नंबर आधीच मागितला जातो. दुरुस्तीवाला मात्र हत्यारांची पिशवी घेऊन पासावर आत जातो. त्याला पीओ कुणी विचारत नाही. विचारणारा पहिला माणूस थेट अकाउंट्समध्ये बसलेला असतो, आणि तोवर काम होऊन पंधरा दिवस गेलेले असतात.

## आधी एवढं समजून घ्या: अकाउंट्सला तुमचं काम दिसत नाही

वाळूजच्या प्लँटमध्ये तुम्हाला काम देतात ते मेंटेनन्सचे साहेब. पैसे देणारी माणसं बऱ्याचदा पुण्याला नाहीतर मुंबईला बसतात. त्यांनी तुमची मोटर पाहिलेली नसते आणि साहेबांचा फोनही ऐकलेला नसतो. त्यांच्यासमोर फक्त स्क्रीन असते. कंपनीत एसएपी हे सॉफ्टवेअर असेल तर बिल चढवायची स्क्रीन म्हणजे MIRO. तिथे पीओ नंबर टाकला की त्या ऑर्डरच्या ओळी उघडतात. मग तीन गोष्टी जुळवून बघतात: पीओत काय मागवलं, प्लँटने काय मिळालं म्हणून नोंदवलं आणि बिलात काय मागितलंय. नंबरच नसेल तर जुळवायला काही उघडत नाही आणि बिल परत येतं. यात आकस कुणाचाच नसतो.

एक गोष्ट आणखी. बिलावर पीओ नंबर हवा असं जीएसटीचा कायदा म्हणत नाही. बिलावर काय काय असावं हे नियम ४६ मध्ये दिलंय, त्यात पीओ नंबर नाही. म्हणून तुमच्या बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो रकाना रिकामा राहिला तरी सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. चूक कळते ती पार्टीकडूनच.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण घेते. २० एचपीची मोटर, जळालेली. कंपनीचं नाव नको. ८ जूनला मोटर वर्कशॉपला आली, ११ जूनला बसवून चालू करून दिली. बिल १२ जूनला गेलं आणि महिनाअखेरीला परत आलं. त्यात तीन चुका होत्या. त्या ज्या त्या टप्प्यावर सांगते.

## टप्पा १: मोटर उघडली की त्याच दिवशी कोटेशन

पीओ मागायची तयारी कोटेशनपासून होते. पर्चेसवाल्याला पीओ काढायचा तर त्याच्याकडे काहीतरी लिखित हवं. तुमचं कोटेशन नसेल तर तो मेंटेनन्सने सांगितलेल्या अंदाजावर काढतो, आणि अंदाज नेहमी कमीच असतो.

कोटेशनमध्ये प्रत्येक कामाची ओळ वेगळी लिहा. आमच्या उदाहरणात ती अशी हवी होती: २० एचपी मोटर रिवाइंडिंग, १ नग, १४,५०० रुपये. बेअरिंग, २ नग, १,८५० प्रमाणे ३,७००. मोटर जागेवरून सोडणं आणि परत बसवणं, ३,००० रुपये. एकूण २१,२००, जीएसटी वेगळा १८ टक्के.

प्रत्यक्षात काय झालं? वर्कशॉपच्या दादांनी पहिल्या दोनच ओळी लिहिल्या. सोडण्या-बसवण्याचं "साहेबांशी बोलणं झालंय" म्हणून लिहिलंच नाही. हे ३,००० पुढे सगळ्या बिलाला घेऊन बुडणार होते.

कोटेशनवर तुमचा व्हेंडर कोड लिहा. तो त्या कंपनीच्या जुन्या पीओवर किंवा पेमेंटच्या मेलमध्ये सापडतो. नवी पार्टी असेल तर आधी व्हेंडर म्हणून नोंदणी होते: पॅन, जीएसटी प्रमाणपत्र, रद्द केलेला चेक, उद्यम प्रमाणपत्र. ही नोंदणी झाल्याशिवाय तुमच्या नावाने पीओ निघूच शकत नाही, म्हणून पहिल्याच कामाला हे कागद न मागता देऊन टाका. मोटर ज्या गेटपासवर बाहेर आली त्याचा नंबरही कोटेशनवर हवा. नंतर "ही कुठली मोटर?" असा प्रश्न आला की तोच नंबर उत्तर देतो.

तपासा: तोंडी ठरलेली पण कोटेशनमध्ये नसलेली एखादी रक्कम आहे का? असेल तर आत्ताच घाला. पीओ निघाल्यावर एक ओळ वाढवायला आठवडा जातो.

## टप्पा २: योग्य माणसाला, काम चालू असतानाच मागा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. लोक मेंटेनन्सच्या साहेबांना विचारतात, "साहेब, बिल टाकू का?" साहेब म्हणतात, "टाका." साहेब खोटं बोलत नाहीत. काम झालं, त्यांच्या परीने विषय संपला. पण बिल टाकायला हो म्हणणं वेगळं आणि पीओ निघणं वेगळं.

कंपनीच्या आत क्रम असा असतो. मेंटेनन्सवाले आधी मागणी टाकतात, तिला पीआर म्हणतात. पीआरला मंजुरी मिळाली की ती पर्चेसकडे जाते. पर्चेस त्यावरून पीओ बनवतं. तो पीओ मोठ्या साहेबांच्या मंजुरीला जातो, आणि तिथून सुटला की 'रिलीज' झाला. तुम्हाला हवा तो रिलीज झालेल्या पीओचा नंबर. म्हणून साहेबांकडे दोनच गोष्टी मागायच्या: पीआर टाकली का, आणि पर्चेसमध्ये ती कोणाच्या टेबलावर आहे.

मोटर वर्कशॉपला असतानाच हा मेसेज पाठवा. तेव्हा साहेबांना तुमची गरज असते. मोटर फिरायला लागली की तुमचा नंबर दिसूनही फोन उचलला जात नाही, हा सगळ्यांचाच अनुभव.

> साहेब नमस्कार. २० एचपी मोटर उघडली. वाइंडिंग पूर्ण जळालंय, दोन्ही बेअरिंग बदलावी लागतील. कोटेशन आपल्या मेलवर पाठवलंय, सोडणं-बसवणं धरून २१,२०० अधिक जीएसटी. काम सुरू करतोय. पीआर टाकली की नंबर कळवा, आणि पर्चेसमधून पीओ कोण काढतील त्यांचं नाव व मेल द्या. बिल पीओ हातात आल्यावरच बनवणार आहे.

शेवटचं वाक्य गाळू नका. ते उद्धट वाटेल असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं काही नाही. बिल परत गेलं की अकाउंट्सवाले साहेबांनाच विचारतात, तेव्हा त्यांचाही त्रास वाचतो.

पर्चेसवाल्याचा मेल मिळाला की त्याला वेगळा मेल करा आणि साहेबांना सीसीमध्ये ठेवा. मजकूर छोटा:

> विषय: पीओची विनंती – २० एचपी मोटर रिवाइंडिंग, वाळूज प्लँट
>
> महोदय, वरील काम मेंटेनन्स विभागाच्या सांगण्यावरून ८ जूनला घेतलं आहे. पीआर नंबर आणि आमचा व्हेंडर कोड खाली दिला आहे, कोटेशन व गेटपासची प्रत जोडली आहे. पीओ रिलीज झाल्यावर त्याची पीडीएफ प्रत याच मेलवर पाठवावी. पीओवर सोडणं-बसवणं ही ओळ वेगळी घ्यावी. पीओची तारीख कळली की त्यानंतरच्या तारखेचं बिल पाठवतो.

पर्चेसचं ऑफिस राज्याबाहेर असेल तर हाच मजकूर इंग्रजीत पाठवा, पण वाढवू नका. पर्चेसवाला मोठा मेल उघडतो आणि नंतर वाचू म्हणून सोडून देतो.

सावधान: पीआर नंबर म्हणजे पीओ नंबर नाही. आमच्या उदाहरणातली पहिली चूक हीच. साहेबांनी १० जूनला व्हॉट्सॲपवर एक दहा आकडी नंबर पाठवला, दादांनी तो बिलावर छापला. तो पीआरचा होता. एसएपीच्या मूळ मांडणीत पीओ नंबर बहुधा ४५ ने सुरू होतो आणि पीआरचा १० ने. कंपन्या हे बदलूनही घेतात, म्हणून यावर पैज लावू नका. त्याच कंपनीचा जुना पीओ काढून नंबरची सुरुवात ताडून बघा. वेगळी दिसली तर विचारा.

## टप्पा ३: नुसता नंबर घेऊ नका, पीओची प्रत मागा

फोनवर नंबर लिहून घेणं हा अर्धाच कार्यक्रम. पीओ सेव्ह केला की नंबर तयार होतो, मंजुरी नंतर मिळते. म्हणजे पर्चेसमधल्या पोराने सकाळी तुम्हाला सांगितलेला नंबर खरा असतो, पण पीओ अजून रिलीज नसतो. त्यावर प्लँटला कामाची नोंद करता येत नाही आणि बिल तिथेच अडकतं. पीडीएफ प्रत मिळाली तर तो रिलीज झालाय असं बहुतेक वेळा समजायला हरकत नाही, कारण बऱ्याच ठिकाणी मंजुरीनंतरच प्रत बाहेर पाठवतात. प्रतीवर कुठे 'ड्राफ्ट' किंवा 'अनअप्रूव्हड' छापलंय का तेवढं बघा.

प्रत आली की चहा बाजूला ठेवून वाचा. मी खालच्या क्रमाने वाचते.

पहिलं, पीओ कोणाच्या नावाने आहे. एकाच समूहाच्या दोन कंपन्या रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे असतात, साहेब दोन्हीकडे फिरतात. काम एकीकडे केलं आणि पीओ दुसरीच्या नावाने निघाला, असं वाळूजला घडतं. कंपनीचं पूर्ण नाव, जीएसटी नंबर आणि बिलाचा पत्ता पीओवर आहे तसाच बिलावर उतरला पाहिजे. डोक्यात पाठ असलेला पत्ता लिहू नका.

दुसरं, ओळी. प्रत्येक ओळीला १०, २०, ३० असा क्रमांक असतो. वर्णन, नग, दर आणि एकक कोटेशनशी लावून बघा. एककाकडे कुणी बघत नाही, पण पीओत '१ जॉब' असेल आणि बिलात '२ नग' असेल तर बिल अडतं. तुमच्या मते जॉब काय नि नग काय, सारखंच. स्क्रीनला ते सारखं नाही.

तिसरं, जीएसटी. दर आधीच पीओत पकडलेला असतो. पीओत ० टक्के किंवा चुकीचा कर पडला असेल तर तुमचं बरोबर बिलसुद्धा जुळणार नाही.

चौथं, पीओची तारीख आणि मुदत. तारीख टप्पा ६ मध्ये लागणार आहे, तिच्याभोवती गोल करा.

पाचवं, पेमेंटची अट. दिवस कशापासून मोजणार, बिलाच्या तारखेपासून की बिल मिळाल्यापासून, हे तिथे लिहिलेलं असतं. तुमची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु म्हणून असेल तर करारात काहीही लिहिलं तरी कायद्याने ही मुदत माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे जात नाही. म्हणून उद्यम नंबर बिलावर छापलेला असू द्या.

## टप्पा ४: पीओत फरक असेल तर बिलाआधीच अमेंडमेंट

आमच्या मोटरचा पीओ १६ जूनला आला. त्यात दोनच ओळी होत्या, कारण कोटेशनमध्येच दोन होत्या. १४,५०० आणि ३,७०० मिळून १८,२००, वर जीएसटी ३,२७६, एकूण २१,४७६ रुपये. दादांचं बिल मात्र सोडणं-बसवणं धरून: २१,२०० वर ३,८१६ जीएसटी, एकूण २५,०१६. ही दुसरी चूक.

दादांचा प्रश्न असा होता की वरचे ३,५४० कापून बाकीचे द्यायला काय जातंय? जातं. पीओपेक्षा जास्त रकमेचं बिल सिस्टीम अडवते, आणि अकाउंट्सवाला तुमच्या बिलातला आकडा स्वतःहून कमी करून चढवायला तयार नसतो, कारण बिलावर जीएसटी २५,०१६ च्या हिशोबाने लावलेला असतो. त्याला तुमच्या रिटर्नमध्ये दिसणारा कर आणि त्याच्याकडचा कर सारखा हवा. मग सोपा मार्ग म्हणजे पूर्ण बिल परत.

अशा वेळी अमेंडमेंट, म्हणजे पीओतच दुरुस्ती, करून घ्यायची: पर्चेसला मेल करून ओळ ३० वाढवून मागायची. त्यासाठी मेंटेनन्सच्या साहेबांचा एक ओळीचा होकार मेलवर हवा: "मोटर सोडणं-बसवणं याच व्हेंडरने केलं, ३,००० मान्य." हा मेल जोडला की पर्चेसला पुन्हा मंजुरी घ्यायला आधार मिळतो. अमेंडमेंट झाली की बहुधा पीओ नंबर तोच राहतो, प्रत नवी येते. नवी प्रत मागवा आणि जुनी फाईलमधून काढून टाका, नाहीतर पुढच्या वेळी कुणीतरी जुनीच बघतं.

अमेंडमेंट होणारच नसेल, साहेबांनी हात वर केले असतील, तर पीओएवढंच बिल बनवा आणि उरलेल्या ३,००० ची भांडणं वेगळी करा. दोन्ही एका बिलात कोंबून सगळंच अडकवू नका. माझं मत विचाराल तर तीन हजारांसाठी एकवीस हजार तीन महिने थांबवणं परवडत नाही.

### वर्षाच्या ओपन पीओचं वेगळं दुखणं

काही कंपन्या वर्षभरासाठी एकच पीओ देतात आणि कामं होतील तशी बिलं घेतात. नंबर पाठ असतो, म्हणून मागायची सवय सुटते. पण या पीओला रकमेची मर्यादा असते आणि मुदतही, बहुतेकदा ३१ मार्चपर्यंत. चौथं-पाचवं बिल झालं की शिल्लक संपते आणि पुढचं बिल परत येतं. मी अशा प्रत्येक पीओसाठी वहीत एक पान ठेवते. वर एकूण रक्कम, खाली प्रत्येक बिलाची वजाबाकी. शिल्लक पुढच्या एका कामाएवढी राहिली की पर्चेसला मेल. एप्रिलमधल्या पहिल्या कामाला मार्चचा नंबर कधीच वापरायचा नाही, नवा मागायचा.

## टप्पा ५: कामाची नोंद झाली का, हे विचारा

पीओ आहे, बरोबर आहे, तरी एक पायरी राहते आणि ती तुमच्या हातात नाही. काम झालं अशी नोंद प्लँटने सिस्टीममध्ये करायची असते. मालासाठी स्टोअर जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, करतं, कामासाठी मेंटेनन्सवाले सर्व्हिस एंट्री करतात. तिची नोंद नसेल तर अकाउंट्सला पीओ दिसतो पण समोरचा रकाना रिकामा असतो.

यासाठी काम संपल्याच दिवशी, मोटर फिरत असताना, जॉब रिपोर्टवर साहेबांची सही, तारीख आणि शिक्का घ्या. पीओ नंतर आला तरी ही सही उपयोगी पडते. पीओ आल्यावर त्याची प्रत आणि सही केलेला रिपोर्ट एकत्र पाठवून एंट्रीचा नंबर मागा.

पर्चेसने बेअरिंगची ओळ कामाऐवजी मालाची म्हणून घेतली असेल, तर त्या ओळीची नोंद मेंटेनन्स करत नाही, स्टोअर करतं. मग मोटर परत पाठवतानाच्या चलनावर बेअरिंग वेगळी लिहिलेली हवीत. एक ओळ नोंदली आणि एक राहिली, तर बिल अर्धवट जुळतं. म्हणजे जुळतच नाही.

तपासा: पीओच्या जितक्या ओळी, तितक्या नोंदी झाल्या का?

## टप्पा ६: आता बिल

बिलाच्या वरच्या भागात, तुमच्या बिल नंबराच्या जवळ, पीओ नंबर आणि पीओची तारीख छापा. खाली शेऱ्यात बारीक अक्षरात नको. स्कॅन झालेल्या बिलात अकाउंट्सवाल्याची नजर वरच्या उजव्या कोपऱ्यात जाते, तळाशी कुणी शोधत बसत नाही. हाताने पेनाने लिहिलेला नंबर काही ठिकाणी चालतो, काही ठिकाणी नाही. छापलेलाच द्या.

ओळी पीओच्याच क्रमाने, पीओच्याच शब्दांत लिहा आणि प्रत्येकीपुढे पीओतला ओळ क्रमांक टाका. पीओत स्पेलिंग चुकलं असेल तरी वर्णन तेच ठेवा, तुमच्या मनाने सुधारू नका. एका बिलात एकच पीओ घ्या. दोन पीओंचं एक बिल केलं की एकातली अडचण दुसऱ्यालाही धरून ठेवते. आमच्या बिलात दुरुस्तीच्या कामाला ९९८७ हा कोड आहे, आणि प्लँट महाराष्ट्रातच असल्याने १८ टक्क्यांचे दोन भाग, सीजीएसटी १,९०८ आणि एसजीएसटी १,९०८.

आता तारीख. आमची तिसरी चूक. बिल १२ जूनचं आणि पीओ १६ जूनचा. ऑर्डर निघण्याआधीच बिल कसं, असा प्रश्न ऑडिटवाले विचारतात, म्हणून अकाउंट्स असं बिल घेत नाही. बिलाची तारीख पीओच्या तारखेची किंवा त्यानंतरची ठेवा. पीओची तारीख मागची टाकून द्या अशी गळ पर्चेसला घालू नका, सिस्टीम तारीख स्वतः घेते आणि ती कुणाच्याही सांगण्याने सहसा बदलत नाही.

पण थांबायलाही हद्द आहे. सेवेचं टॅक्स इनव्हॉइस काम पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांच्या आत निघालं पाहिजे, हा जीएसटीचा नियम. काम ११ जूनला संपलं म्हणजे ११ जुलै ही शेवटची तारीख. म्हणजे दादांकडे १६ जून ते ११ जुलै एवढी मोकळी जागा होती, आणि त्यांनी बिल चार दिवस आधी काढून ठेवलं.

पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांसाठी: तुम्हाला ई-इनव्हॉइस काढावं लागतं. त्यात पीओसाठी वेगळा रकाना आहे, `PORefr`, आणि तारखेसाठी `PORefDt`. हे रकाने ऐच्छिक आहेत, म्हणून रिकामे ठेवले तरी आयआरएन हा ई-इनव्हॉइसचा नोंदणी क्रमांक मिळतो आणि चूक लपून राहते. आयआरएन मिळालेल्या बिलात दुरुस्ती होत नाही. २४ तासांत रद्द करता येतं, पण तोच बिल नंबर परत वापरता येत नाही. नंबर टाकूनच पुढे जा.

## टप्पा ७: पीओ येतच नसेल तर

काम होऊन दहा दिवस झाले, पीओ नाही. अशा वेळी लोक तीन गोष्टी करतात आणि तिन्ही अंगाशी येतात. जुन्या कामाचा पीओ नंबर टाकतात. 'तोंडी ऑर्डर' असं छापतात. किंवा साहेबांचं नाव लिहितात. यातला पहिला प्रकार सगळ्यात वाईट, कारण जुन्या पीओत शिल्लक असली तर बिल चढतंही, आणि मग ज्या कामासाठी ती शिल्लक होती त्याचं बिल अडतं. ते निस्तरायला दोन्ही खात्यांचे मेल लागतात.

त्याऐवजी प्रोफॉर्मा पाठवा. प्रोफॉर्मा म्हणजे टॅक्स इनव्हॉइस नव्हे, त्याने पैसे निघत नाहीत आणि रिटर्नमध्येही ते जात नाही. पण पर्चेसला अचूक आकडा मिळतो आणि तुमच्या बिलाच्या अनुक्रमाला धक्का लागत नाही.

पाठपुरावा असा करा. कामानंतर पाचव्या दिवशी साहेबांना पीआरची स्थिती विचारा. दहाव्या दिवशी पर्चेसला मेल, सही केलेला जॉब रिपोर्ट जोडून. विसाव्या दिवशी दोघांना एकत्र मेल, आणि त्यात स्वच्छ लिहा: "जीएसटी नियमानुसार ११ जुलैपर्यंत बिल काढणं आम्हाला बंधनकारक आहे. तोपर्यंत पीओ न मिळाल्यास बिल पीओविना काढावं लागेल." या मेलने बऱ्याचदा काम होतं. नाहीच झालं, तर शेवटच्या तारखेला बिल काढा आणि रिटर्नमध्ये दाखवा. पैसे उशिरा आले तरी चालतील, कर उशिरा नको. मात्र त्या साहेबांचं पुढचं तोंडी काम घेताना आधी मागचा पीओ मागा.

## बिल परत आलंच असेल तर

परत आल्याचं कारण लिखित घ्या, फोनवरचं नको. मग रिटर्न भरलंय का ते बघा. महिन्याला भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेला असतं, तिमाहीवाल्यांचं तिमाहीनंतर १३ तारखेला.

फक्त पीओ नंबर राहिला असेल, रक्कम आणि तारीख ठीक असेल, तर अकाउंट्सला विचारा: त्याच बिल नंबर आणि तारखेची, पीओ नंबर घातलेली प्रत चालेल का? चालत असेल तर पहिली प्रत परत मागून घ्या. करात काहीच बदलत नाही.

तारीख किंवा रक्कम बदलायची असेल आणि रिटर्न अजून भरलं नसेल, तर जुनं बिल रद्द करून नव्या नंबराचं काढा. रद्द केलेला नंबर जीएसटीआर-१ च्या तक्ता १३ मध्ये रद्द म्हणून दाखवावा लागतो, वहीतून पान फाडल्यासारखा गायब करता येत नाही. रिटर्न भरून झालं असेल तर जुन्या बिलावर पूर्ण रकमेची क्रेडिट नोट काढा, मग नवं बिल. क्रेडिट नोट न काढता नुसतं नवं बिल दिलं तर तीच विक्री दोनदा दिसते आणि कर दोनदा भरावा लागतो. गेल्या वर्षी एका वर्कशॉपचं हे मला मार्चमध्ये सापडलं. क्रेडिट नोट दाखवायची मुदत पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत असते, त्यामुळे निभावलं.

आमच्या मोटरचं काय झालं? बिल परत आलं तेव्हा जूनचं रिटर्न भरायचं होतं. १२ जूनचं बिल रद्द केलं. साहेबांकडून तीन हजारांचा होकार मेलवर घेतला, पर्चेसने ओळ ३० वाढवली, अमेंडमेंटची प्रत ७ जुलैला आली. सर्व्हिस एंट्री दुसऱ्या दिवशी झाली. नवं बिल ८ जुलैचं, २५,०१६ रुपयांचं, वर पीओ नंबर, तीन ओळी. ते एका फेरीत चढलं. त्यानंतर दादांनी कोटेशनच्या छापील नमुन्यात 'सोडणं-बसवणं' ही ओळ कायमची टाकून घेतली आहे. लागली नाही तर खोडतात.